अनुवादावर अपोस्टिल मागणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
परदेशातून आलेली मुखत्यारपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे तपासून घेणारे नोंदणी कार्यालयांतले, बँकांतले आणि न्यायालयांच्या कचेऱ्यांतले सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

मी कायदेशीर कागदांचा अनुवाद करते, मुख्यतः पोर्तुगीजमधून मराठीत. तुमची माझी समोरासमोर गाठ क्वचितच पडते, पण माझे कागद तुमच्या टेबलावर रोज येतात आणि तुमच्या चिठ्ठ्या माझ्याकडे परत येतात. त्या चिठ्ठ्यांवर एक वाक्य वारंवार असते: ‘अनुवादाची अपोस्टिल केलेली प्रत आणावी.’ या एका वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे. त्यापायी लोकांना हेलपाटे पडतात हे तर आहेच. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. त्या शिक्क्याने तुमची जी खातरजमा झाली असे तुम्हाला वाटते, ती झालेलीच नसते.

काही काळापूर्वी माझ्याकडे आलेले एक प्रकरण सविस्तर सांगते. नावे आणि कार्यालय सांगत नाही.

एक भाऊ ब्राझीलमध्ये नोकरीला. त्याचे आणि बहिणीचे मिळून इकडे एक घर होते आणि ते विकायचे ठरले. येणे जमत नसल्याने भावाने बहिणीच्या नावे तिथेच पोर्तुगीजमध्ये दोन पानी मुखत्यारपत्र केले. तिथल्या कार्तोरिओत, म्हणजे नोटरीच्या कार्यालयात, त्यावर शिक्का घेतला, मग अपोस्टिल घेतले आणि कुरियरने पाठवले. बहीण ते घेऊन कार्यालयात गेली. तिला ती चिठ्ठी मिळाली. तिने कागद भावाकडे परत पाठवला. भावाने तिथल्याच एका मराठी जाणणाऱ्या परिचिताकडून अनुवाद करून घेतला. त्या परिचिताने ‘सोबतचा अनुवाद मी केला आहे’ असे अर्ध्या पानाचे पोर्तुगीज निवेदन लिहून सही केली. कार्तोरिओने त्या सहीवर शिक्का दिला, निवेदनाला दुसरे अपोस्टिल लागले, आणि सगळा गठ्ठा पुन्हा समुद्र ओलांडून आला. यात पाच आठवडे गेले. आता दोन अपोस्टिले, दोन क्यूआर कोड, पानापानावर शिक्के. कागद स्वीकारला गेला.

व्यवहाराच्या आधी बहिणीचा पाय मोडला. अनुवादात लिहिले होते की मुखत्यार आपले अधिकार पुढे दुसऱ्याला देऊ शकेल. म्हणून तिने आपल्या चुलतभावाला अधिकार देऊन त्याला सह्यांना पाठवायचे ठरवले. खरेदीदाराच्या वकीलबाई सावध होत्या. त्यांनी मूळ पोर्तुगीज कागद आणि अनुवाद माझ्याकडे ताडून पाहायला दिले.

मूळ कागदात शेवटून दुसऱ्या ओळीत शब्द होते ‘सेंदो वेदादो ओ सुब्स्ताबेलेसिमेंतो’. सुब्स्ताबेलेसिमेंतो म्हणजे मुखत्याराने आपले अधिकार तिसऱ्याकडे सोपवणे, आणि वेदादो म्हणजे मनाई. भावाने स्पष्ट लिहिले होते की अधिकार पुढे सोपवता येणार नाहीत. अनुवाद करणाऱ्याला मोठा शब्द माहीत होता आणि लहान शब्द निसटला. पोर्तुगीज मुखत्यारपत्रांत अधिकार पुढे सोपवण्याची मुभा देणारे कलम पुष्कळदा असते, त्यामुळे डोळ्याने सवयीचे तेच वाचले असावे. अनुवादात मूळ कागदाच्या बरोबर उलटे आले आणि त्यावर दोन देशांत मान्य असलेले अपोस्टिल होते.

हे कसे घडू शकते हा प्रश्न बहिणीने मला विचारला. तिचा प्रश्न रास्त होता. एवढे शिक्के असताना कोणी वाचलेच नाही का? त्याचे उत्तर अपोस्टिलच्या चौकोनातच लिहिलेले असते.

अपोस्टिल ज्या करारातून आले तो हेगचा करार 5 ऑक्टोबर 1961 चा. त्याआधी परदेशी कागद वापरायचा तर एका कार्यालयाने दुसऱ्याचा शिक्का खरा म्हणायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने, आणि शेवटी वकिलातीने, अशी साखळी असे. करारातल्या देशांनी ती साखळी तोडून तिच्या जागी एक प्रमाणपत्र ठेवले. करारातल्या नमुन्यानुसार ते किमान 9 सेंटिमीटर बाजूचा चौकोन असते, वर फ्रेंचमध्ये ठरलेले शीर्षक आणि खाली 10 क्रमांकित नोंदी. पहिली नोंद देशाची. दुसरी, कागदावर सही कोणाची आहे. तिसरी, त्या व्यक्तीने कोणत्या अधिकाराने सही केली. चौथी, शिक्का कोणाचा. उरलेल्या सहा नोंदींत हे प्रमाणपत्र कुठे, कधी, कोणी, कोणत्या क्रमांकाने दिले ते, आणि देणाऱ्याचा शिक्का व सही. एवढेच. करार स्वतःच सांगतो की यातून सहीचा खरेपणा, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्क्याची ओळख एवढे सिद्ध होते. कागदात काय लिहिले आहे याबद्दल त्यात एक अक्षर नसते.

माझी विनंती आहे की दुसरी आणि तिसरी नोंद एकदा नीट वाचून पाहा. भावाच्या मुखत्यारपत्रावरच्या अपोस्टिलमध्ये दुसऱ्या नोंदीत भावाचे नाव नव्हते. तिथे कार्तोरिओतल्या कर्मचाऱ्याचे नाव होते, आणि तिसऱ्या नोंदीत त्याचा हुद्दा. बरोबरच होते, कारण सार्वजनिक अधिकाराने केलेली सही तीच. अनुवादावरच्या दुसऱ्या अपोस्टिलमध्येही तसेच होते. म्हणजे अपोस्टिल म्हणते, कार्तोरिओच्या कर्मचाऱ्याची सही खरी आहे. कर्मचारी म्हणतो, अर्ध्या पानाच्या पोर्तुगीज निवेदनाखालची सही त्या परिचिताची आहे. परिचित म्हणतो, अनुवाद माझा आहे. कर्मचाऱ्याला मराठी येत नव्हते आणि येण्याची अपेक्षाही नव्हती. अनुवाद बरोबर आहे हे सांगणारा माणूस त्या साखळीत शेवटपर्यंत एकच, तो परिचित. त्याच्या शब्दाला अपोस्टिलने काही वजन दिले नाही, फक्त तो शब्द त्याचाच आहे एवढे कळवले.

अनुवादकाच्या सहीवरच्या शिक्क्याला काही अर्थच नाही असे मी म्हणत नाही. अनुवादात लबाडी निघाली तर हा अनुवाद मी केलाच नव्हता असे म्हणायची वाट त्याने बंद होते. तेवढ्यासाठी तो हवा असेल तर जरूर मागा. पण ‘अनुवाद सरकारने तपासला’ असा त्याचा अर्थ लावू नका, कारण तो कोणी तपासलेला नसतो.

काही देशांत शपथबद्ध अनुवादकांची अधिकृत व्यवस्था आहे. जर्मनीत न्यायालये त्यांना शपथ देतात, स्पेनमध्ये परराष्ट्र मंत्रालय त्यांची नेमणूक करते, ब्राझीलमध्येही सार्वजनिक अनुवादक हे अधिकृत पद आहे. अशा अनुवादकाचे काम वेगळ्या पायरीचे असते. तो परीक्षा देऊन किंवा पात्रता दाखवून आलेला असतो आणि चुकला तर त्याला जाब विचारता येतो. काही ठिकाणी त्याच्या सहीवर थेट अपोस्टिलही मिळते. तरीही अपोस्टिल फक्त एवढेच सांगते की ही सही त्याची आहे आणि तो त्या पदावर आहे. विश्वास त्या पदावर ठेवायचा. भावाचा परिचित तर तशा पदावरही नव्हता.

आता दुसरी गोष्ट. मला ती पहिलीहून गंभीर वाटली, आणि कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

मुखत्यारपत्रावरच्या कार्तोरिओच्या शिक्क्यात शब्द होते ‘रेकोन्येसु पोर सेमेल्यान्सा’. अनुवादात या जागी ‘नोटराइज्ड’ एवढा एकच शब्द होता. ब्राझीलमध्ये सही ओळखण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत सही करणारा माणूस स्वतः नोटरीपुढे येतो, ओळखपत्र दाखवतो आणि त्याच्या देखत सही करतो. तिला ‘पोर आउतेन्तिसिदादे’ म्हणतात. दुसरीत माणसाने कधीतरी आधी कार्तोरिओत नमुना सही देऊन ठेवलेली असते. मग कागद कोणीही आणला तरी चालतो. कर्मचारी त्यावरची सही नमुन्याशी ताडून पाहतो आणि जुळली तर शिक्का देतो. सेमेल्यान्सा म्हणजे साम्य. मुखत्यारपत्रावर भावाने सही केली तेव्हा कोणाही अधिकाऱ्याने त्याला पाहिलेले नव्हते, आणि शिक्क्याच्या पोर्तुगीज मजकुरात ते प्रामाणिकपणे लिहिलेलेही होते. अनुवादातल्या ‘नोटराइज्ड’ने ते झाकून टाकले.

घर विकण्याचा अधिकार देणारा कागद, आणि देणारा स्वतः हजर होता की नाही हेच अनुवादावरून कळत नाही! या भावाच्या बाबतीत सही खरीच होती. पण कागद तपासताना तुम्हाला विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि त्याचे उत्तर अपोस्टिलमध्ये कधीच नसते. ते नोटरीच्या मजकुरात असते. म्हणून नोटरीचा मजकूर शब्दशः अनुवादित झाला पाहिजे. ‘नोटराइज्ड’, ‘साक्षांकित’, ‘शिक्का व सही’ असे उरकलेले शब्द तुम्ही स्वीकारू नयेत. नोटरीने नेमके काय केले, याला जगभर एक नाव नाही. कुठे नोटरी फक्त सही ओळखतो. कुठे सही करणाऱ्याने ‘ही सही माझीच, मी राजीखुशीने केली’ असे त्याच्यापुढे कबूल केलेले असते. कुठे नोटरी शपथ देतो. आणि ब्राझील, स्पेन, पोर्तुगाल यांसारख्या देशांत नोटरी स्वतःच दस्त लिहून आपल्या नोंदवहीत ठेवतो, देणाऱ्याची ओळख पटवतो, त्याला मजकूर समजला आहे ना ते पाहतो, आणि मग तुम्हाला येतो तो त्या दस्ताचा उतारा. या चारांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मराठी अनुवादात चौघांनाही एकच शब्द वापरला तर फरक पुसला जातो.

याच कुटुंबाच्या दुसऱ्या कागदातही हीच गफलत होती. भावाचे नाव घराच्या जुन्या कागदांत एका तऱ्हेने आणि पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेने होते, म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र हवे होते. भावाने पाठवला तो कागद ‘देक्लारासाउं’ होता, म्हणजे घोषणापत्र. खाली तोच साम्यावरून सही ओळखल्याचा शिक्का. अनुवादात वर ठळक अक्षरांत शीर्षक दिले होते ‘प्रतिज्ञापत्र’, आणि सुरुवात होती ‘मी शपथेवर लिहून देतो की’. मूळ कागदात शपथ नव्हती. कोणी ती दिली नव्हती, कोणी घेतली नव्हती. अनुवादकाला वाटले असणार की इकडे हेच म्हणतात, म्हणून मदत म्हणून लिहिले. मी त्याचा हेतू वाईट मानत नाही. पण शपथेवर खोटे सांगण्याचे परिणाम वेगळे असतात, आणि न घेतलेली शपथ अनुवादकाने कोणाच्या तोंडी घालू नये. मूळ घोषणापत्र असेल तर अनुवादातही घोषणापत्रच असले पाहिजे. ते पुरेसे आहे की नाही हे तुम्ही ठरवा, तो अधिकार तुमचा आहे. अनुवादाने तो तुमच्याकडून काढून घेऊ नये.

ज्या देशांत शपथपूर्वक प्रतिज्ञापत्राची पद्धत आहे तिथल्या कागदात तळाशी शपथेची नोंद असते: कोणासमोर, कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेला शपथ घेतली. ती नोंद अनुवादात पूर्ण यायला हवी. ‘माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे’ हे शब्दही गाळून चालत नाही. स्वतः पाहिलेले सांगणे आणि ऐकलेले, समजलेले सांगणे यांतला फरक त्या शब्दांवर टिकून असतो. एक साधी कसोटी सांगते. अनुवादित प्रतिज्ञापत्रावर प्रतिज्ञा करणाऱ्याची नवी सही दिसली तर थांबा. अनुवादावर सही अनुवादकाची असते. प्रतिज्ञा करणाऱ्याने अनुवादावरच सही करून शपथ घेतली असेल, तर तो त्या भाषेतला नवा, स्वतंत्र कागद झाला आणि त्याला तसेच तपासावे लागेल.

आता तुमच्या चिठ्ठीकडे येते. ‘अनुवादाची अपोस्टिल केलेली प्रत आणावी.’ ही मागणी पुरी करणे पुष्कळदा शक्यच नसते. करार लागू होतो तो एका सदस्य देशात झालेला सार्वजनिक कागद दुसऱ्या सदस्य देशात दाखवायचा असेल तेव्हा. अनुवाद मी इथे करते आणि कागद इथल्याच कार्यालयात द्यायचा आहे. मग अपोस्टिल कोण देणार? इथल्या नोटरीचा शिक्का इथे दाखवायला अपोस्टिलची गरजच नसते. तरीही लोक माझ्या अनुवादावर अपोस्टिल मिळवायची धडपड करतात, एजंटांना पैसे देतात, आणि नाही जमले की भावासारखे परदेशातल्या कोणा परिचिताकडे जातात. मी याला तक्रार म्हणते, आणि ती तुमच्याकडेच आहे. तुमच्या मागणीमुळे अनुवाद करायला जाणती माणसे सोडून ज्याच्या सहीला अपोस्टिल मिळेल अशा माणसाची निवड होते. या प्रकरणात तेच झाले.

असेच वकिलातीच्या कागदांचे. परदेशात राहणारे पुष्कळ लोक आपल्याच देशाच्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करतात. राजनैतिक किंवा वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्यांनी केलेले कागद करारातून वगळलेले आहेत. त्यांवर अपोस्टिल लागत नाही आणि कोणी देऊही शकत नाही. तरी ‘अपोस्टिल कुठे आहे?’ म्हणून असे कागद परत केलेले मी पाहिले आहेत. आणि जो देश करारात नाही, किंवा ज्याच्या प्रवेशावर दुसऱ्या देशाने आक्षेप घेतला आहे, त्या दोघांमध्ये जुनीच साखळी चालते. सदस्यांच्या यादीतही बदल होत राहतात. चीन 7 नोव्हेंबर 2023 पासून आणि कॅनडा 11 जानेवारी 2024 पासून आत आले. तुमच्याकडे भिंतीवर लावलेली जुनी यादी असेल तर ती या तारखांवरून ताडून पाहा.

मग तुम्ही काय मागावे? माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी, आणि त्या चिठ्ठीवर वेगळ्या लिहाव्यात. मूळ कागदावर अपोस्टिल. आणि त्या संपूर्ण कागदाचा, अपोस्टिलसकट, जबाबदार अनुवादकाने केलेला अनुवाद. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सही, मग नोटरी, मग अपोस्टिल, आणि अनुवाद सगळ्यात शेवटी. घाईत लोक अनुवाद आधी करून घेतात आणि अपोस्टिल नंतर लागते. मग अनुवादात अपोस्टिल नसते, त्यातल्या तिसऱ्या नोंदीतला हुद्दा परक्या भाषेत राहतो आणि वाचणाऱ्याला कळत नाही की सही नोटरीची आहे की त्याच्या कार्यालयातल्या कारकुनाची.

अनुवादकाच्या दाखल्यात काय हवे तेही सांगते, कारण बहुतेक दाखल्यांत ‘हा अनुवाद खरा आहे’ एवढेच असते. मी मूळ कागद हातात घेऊन अनुवाद केला की स्कॅनवरून, हे लिहिलेले हवे. मूळची पाने किती, अनुवादाची किती. शिक्के, हस्ताक्षरातल्या नोंदी, खाडाखोड, समासातल्या आद्याक्षरी सह्या यांचा उल्लेख. जे वाचता आले नाही तिथे ‘अवाच्य’ असे. मूळ कागदाची छायाप्रत अनुवादाला जोडलेली, म्हणजे हा अनुवाद नेमका कोणत्या कागदाचा याबद्दल वाद राहत नाही. आणि माझे नाव, पात्रता, पत्ता, तारीख, सही. माझी सही नोटरीसमोर झाली तर चांगलेच, पण त्या नोटरीला ‘अनुवाद तपासला’ असे लिहायला लावू नका. त्याला पोर्तुगीज येत नाही. काही नोटरी अनुवादावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारतात. तो तर सरळ चुकीचा आहे. सत्यप्रत म्हणजे छायाप्रत मूळ कागदाशी हुबेहूब जुळते. दुसऱ्या भाषेतला मजकूर कशाचीही सत्यप्रत असू शकत नाही.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. अपोस्टिल कागदावरच छापलेले असते किंवा जोडलेल्या वेगळ्या पानावर. जोडपान असेल तर स्कॅन करताना किंवा झेरॉक्सवाला पाने सुटी करताना स्टेपल काढतो, फीत तोडतो. पुन्हा लावलेल्या स्टेपलची जुनी भोके दिसली की हे अपोस्टिल याच कागदाचे का, ही शंका येते आणि ती रास्त असते. मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला बजावते की पाने न सोडवता उलटून स्कॅन करा. तुमच्या खिडकीवरही कृपा करून पाने सोडवू नका.

आणि तपासणी. अपोस्टिलचा खरेपणा पाहायला अनुवाद लागतच नाही. करारानुसार प्रत्येक देशाला दिलेल्या अपोस्टिलांची नोंद ठेवावी लागते, आणि पुष्कळ देशांची ती नोंदवही आता ऑनलाइन पाहता येते. क्रमांक आणि तारीख घाला, किंवा ब्राझीलसारखा क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करा. समोर आलेले नाव दुसऱ्या नोंदीशी जुळते का पाहा, आणि दुसऱ्या नोंदीतले नाव नोटरीच्या मजकुराखालच्या सहीशी. दोन मिनिटांचे काम आहे. मग नोटरीचा मजकूर वाचा, अनुवादातून, शब्द न् शब्द. देणारा हजर होता का? शपथ होती का? की फक्त सहीचे साम्य?

त्यानंतर अधिकारांची कलमे. मुखत्यारपत्रात चूक झाली तर ती सहसा क्रियापदांत होते. विकणे आणि विकण्याचा करार करणे. रक्कम स्वीकारणे आणि पूर्ण रक्कम मिळाली असे मान्य करून देणाऱ्याला मोकळे करणे. दोन मुखत्यारांनी मिळून वागायचे की प्रत्येकाने स्वतंत्रपणे. अधिकार पुढे सोपवता येतो की नाही, आणि सोपवला तर मूळ मुखत्याराकडे तो उरतो की जातो. पोर्तुगीजमध्ये या शेवटच्या दोन प्रकारांना वेगळी नावे आहेत, मराठीत पूर्ण वाक्य लिहावे लागते. मुदत आणि ठरावीक मालमत्तेपुरती मर्यादाही. विशेष मुखत्यारपत्राला अनुवादात सवयीने ‘कुलमुखत्यारपत्र’ म्हटलेले मी इतक्यांदा पाहिले आहे की आता पहिल्यांदा शीर्षकच तपासते. रक्कम मोठी असेल, किंवा यांतले एखादे कलम नेमके तुमच्या व्यवहाराचा आधार असेल, तर तेवढ्या कलमांवर दुसऱ्या, स्वतंत्र अनुवादकाचे मत मागवा. दोन पानांना एक दिवस पुरतो. अपोस्टिलच्या पाच आठवड्यांपेक्षा त्यातून तुमच्या हाती जास्त काही येईल.

त्या बहिणीचे पुढे काय झाले ते सांगते. चुलतभावाला अधिकार देणे थांबले. भाऊ स्वतः कार्तोरिओत गेला आणि या वेळी त्याने नोटरीच्या नोंदवहीतले मुखत्यारपत्र केले. त्यात बहीण आणि चुलतभाऊ दोघांना स्वतंत्रपणे वागण्याचा अधिकार त्याने आपल्या इच्छेने दिला. नावाबद्दलची घोषणाही नोटरीनेच लिहिलेल्या दस्तात झाली, आणि तिच्या अनुवादाच्या शीर्षकात मी ‘घोषणा’ हाच शब्द ठेवला. दोन्ही उताऱ्यांवर अपोस्टिल लागले, कागद एकदाच समुद्र ओलांडून आले आणि अनुवाद मी इथे केला. बहिणीने तो नेऊन दिला तेव्हा खिडकीवरून पुन्हा विचारणा झाली, अनुवादावर अपोस्टिल का नाही? तिने माझ्याकडून लिहून घेतलेले अर्धे पान पुढे केले. त्यात करार कोणत्या कागदांना लागू होतो आणि माझी सही इथली असल्याने तो तिला का लागू नाही, एवढेच होते. वरिष्ठांनी ते वाचले, मूळ कागदांवरची अपोस्टिले ऑनलाइन तपासली आणि दोन्ही कागद घेतले.

ते अर्धे पान मी कोणत्याही कार्यालयाला द्यायला तयार आहे. पण ते प्रत्येक ग्राहकाने खिशात घालून फिरण्यापेक्षा तुमच्या चिठ्ठीवरचे वाक्य बदलावे, अशी माझी मागणी आहे. त्या जागी असे छापा: ‘मूळ दस्तावर अपोस्टिल, नोटरीच्या मजकुरासह व अपोस्टिलसह संपूर्ण दस्ताचा अनुवाद, अनुवादकाच्या सहीच्या दाखल्यासह.’ वकिलातीत झालेल्या आणि करारात नसलेल्या देशांतल्या दस्तांसाठी खाली एक वेगळी ओळ द्या.

कळावे,
आपली विश्वासू,
एक अनुवादक